एकाच गाडीत गेलेलं दूध, दोन गावांत दोन भाव

जानेवारीतल्या एका सकाळी एका काकूंनी माझ्यासमोर दोन पावत्या ठेवल्या. एक त्यांच्या गावच्या दूध संकलन केंद्राची, दुसरी चार किलोमीटरवर राहणाऱ्या त्यांच्या बहिणीच्या गावची. दोन्हीवर त्याच डेअरीचं नाव होतं. दूध गायीचं, फॅट ३.४ आणि एसएनएफ, म्हणजे दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ, ८.२, दोन्हीकडे तेच. फळ्यावरचा दरही दोन्हीकडे ३० रुपयेच. तरी काकूंच्या पावतीवर लिटरला २६ रुपये ७० पैसे लागले होते आणि बहिणीच्या पावतीवर २८ रुपये २० पैसे. "भाऊ, दूध एकाच गाडीत जाते. मंग गाव बदललं का भाव कसा बदलते?" एवढंच त्यांनी विचारलं.

गाडी खरंच एकच होती. आधी काकूंच्या गावात थांबायची, दहा मिनिटांनी बहिणीच्या गावात, आणि मग दोन्ही गावांचं दूध एकाच शीतकरण टाकीत रिकामं व्हायचं. वाहतूक, थंड करणं, पुढची प्रक्रिया यांच्या खर्चात फरक असण्याचं कारणच नव्हतं. फरक एकच होता. बहिणीच्या गावात तीन डेअऱ्यांची केंद्रं होती आणि काकूंच्या गावात एक.

हे प्रकरण नागपूरच्या दक्षिणेला, उमरेड आणि कुहीच्या बाजूच्या बारा गावांचं आहे. गावांची आणि डेअऱ्यांची नावं मी घेणार नाही, आणि हिशेब डोक्यात राहावा म्हणून आकडे गोल केले आहेत. या गावांतून रोज साधारण ६,००० लिटर गायीचं दूध बाहेर पडतं. त्यातलं निम्मं म्हणजे ३,००० लिटर मोठी डेअरी उचलते, २,००० लिटर मधली आणि १,००० लिटर धाकटी. दूध घालणारी घरं सहाशेच्या आसपास आहेत. म्हणजे विकणारे सहाशे आणि घेणारे तीन. अर्थशास्त्रात याला अल्पक्रेताधिकार म्हणतात. घेणारा एकच असेल तर एकक्रेताधिकार. त्यासाठीचा इंग्रजी शब्द, मोनोप्सनी, अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली रूढ केला. मोजक्या विक्रेत्यांमुळे ग्राहक नाडला जातो हे आपल्याला चटकन कळतं. मोजक्या खरेदीदारांमुळे विकणारा नाडला जातो, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू, पण ती दिसायला वेळ लागतो, कारण फळ्यावरचा दर सगळ्यांना सारखाच दिसत असतो.

फळ्यावरचे तीस रुपये कमी की बरोबर?

आधी एक गैरसमज बाजूला करू. दुधाचा दर पडला की दर वेळी डेअऱ्यांनी पाडला असं नसतं. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर घसरला, त्यामागे दूध पावडर आणि लोण्याचा पडलेला बाजार हे मोठं कारण होतं. जास्तीच्या दुधाची शेवटी पावडर करावी लागते, आणि पावडरच स्वस्त असेल तर कितीही डेअऱ्या स्पर्धेत असल्या तरी दर खालीच येणार. म्हणून "दर कमी आहे" हा पुरावा होत नाही. विचारायला हवं ते असं: याच दिवशी, याच ठिकाणी, खरी स्पर्धा असती तर दर किती असता?

नागपूरपुरता हा प्रश्न सोडवता येतो, कारण इथलं शहर इथल्या गावांच्या दुधावर भागत नाही. विदर्भात दुधाचं संकलन पश्चिम महाराष्ट्राच्या मानाने फार कमी आहे, आणि नागपूरची गरज पुरवायला बाहेरून टँकर येतात. शहराला लागणारं शेवटचं लिटर बाहेरच्या टँकरमधून येत असेल, तर उमरेडच्या एका लिटरची खरी किंमत त्या टँकरमधल्या लिटरवरून ठरली पाहिजे. इथलं लिटर मिळालं की तिथलं एक लिटर आणावं लागत नाही, हा सरळ हिशेब आहे.

समजा अहिल्यानगरच्या बाजूला शेतकऱ्याला ३० रुपये मिळतात. तिथे गावोगावी दूध भरपूर, एका फेरीत गाडी भरते, त्यामुळे गोळा करून थंड करायला लिटरला अडीच रुपये पुरतात. तिथून नागपूर सहाशे किलोमीटरच्या पुढे. टँकर परत रिकामा जातो, म्हणजे जाऊन येऊन तेराशेच्या आसपास. किलोमीटरला ५० रुपये धरले तर ६५,००० रुपये झाले, आणि २०,००० लिटरवर वाटले की सव्वातीन रुपये. थोडी घट धरून साडेतीन. म्हणजे ते दूध नागपूरच्या प्लांटच्या दारात ३६ रुपयांना पडतं.

आता उमरेडकडचं दूध घ्या. इथे गावं विरळ आणि गोठे लहान. साठ किलोमीटरची फेरी मारून गाडी अर्धीच भरते. म्हणून गोळा करणं, थंड करणं आणि शहरात आणणं, सगळं मिळून लिटरला चार रुपये धरू. हा खर्च खरा आहे, त्याला डेअरीची सबब म्हणून उडवून लावणं चुकीचं होईल. पण चार रुपये धरूनही शेतकऱ्याला ३० दिले तर दूध प्लांटच्या दारात ३४ ला पडतं, आणि बाहेरचं ३६ ला. मधले दोन रुपये उरतात. तीन डेअऱ्यांच्या जागी तीस असत्या, तर इथलं स्वस्त दूध मिळवण्यासाठी त्या एकमेकींवर चढ केल्याशिवाय राहिल्या नसत्या, आणि फळ्यावरचा दर ३२ च्या जवळ गेला असता. लहान लहान गोठ्यांच्या दुधात प्रतीची जोखीम जास्त म्हणून पन्नास पैसे सोडले तरी फरक दीड रुपयाचा राहतो.

तिकडचा दर बदलेल तसा हा आकडा हलेल. तिकडे दर २७ झाला तर इथला स्पर्धेचा दर २९ होईल. पावडरचा बाजार पातळी ठरवतो. त्या पातळीपासून इथला दर किती खाली आहे, ते खरेदीदारांच्या ताकदीवर ठरतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर प्रत्येक वेळी "पावडर पडली" या उत्तरावर बोलणं संपतं.

मग एखादी डेअरी दर का वाढवत नाही?

इथेच मोजक्या खरेदीदारांचं गणित आहे, आणि ते समजायला कोणाची गुप्त बैठक झाली असं मानण्याची गरज नाही.

समजा मोठ्या डेअरीने दर पन्नास पैशांनी वाढवला, ३० चे साडेतीस केले. त्यामुळे रोज ५०० लिटर दूध जास्त आलं. या ५०० लिटरचे १५,२५० रुपये झाले. पण वाढीव दर फक्त नव्या दुधाला देता येत नाही. जुन्या ३,००० लिटरलाही पन्नास पैसे द्यावे लागतात, म्हणजे आणखी १,५०० रुपये. एकूण १६,७५० रुपये, मिळालं ५०० लिटर. म्हणजे शेतकऱ्याला जरी साडेतीसच दिसत असले, तरी डेअरीला ते नवं लिटर साडेतेहतीसला पडलं. गावाच्या दारात त्या लिटरची किंमत ३२ आहे. मोठी डेअरी दर वाढवणार नाही, आणि यात कोणाशी संगनमत करायचीही गरज नाही.

हेच गणित धाकट्या डेअरीचं करून बघा. तिलाही पन्नास पैशांनी ५०० लिटर जास्त मिळतात असं धरू. तिचं जुनं दूध १,००० लिटरच, म्हणून जुन्या दुधावरचा बोजा फक्त ५०० रुपये. नवं लिटर तिला साडेएकतीसला पडतं, ३२ पेक्षा कमी. रोज अडीचशे रुपयांचा फायदा. म्हणजे लहान खरेदीदाराला दर वाढवणं परवडतं आणि मोठ्याला नाही. जितके जास्त आणि जितके लहान खरेदीदार, तितका दर स्पर्धेच्या दराकडे सरकतो, याचं कारण एवढंच आहे. आधीच घेत असलेल्या दुधावरचा बोजा ज्याला कमी, तो दर वाढवायला मोकळा.

तरीही आमच्या बारा गावांत धाकटी डेअरी दर वाढवत नव्हती. तिच्या संकलन बघणाऱ्या माणसाने मला जे सांगितलं ते पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा स्पष्ट होतं. "आपण वाढवला की तिसऱ्या दिवशी ते वाढवतात. मग आपल्याकडे नवीन दूध येत नाही, अन् जुन्याले पन्नास पैसे फुकट जातात." रोज अडीचशे मिळवायला जाऊन पाचशे घालवायचे. एकदा हे कळलं की कोणी पहिलं पाऊल टाकत नाही. तीन जण एकमेकांना रोज बघू शकतात, म्हणून हे जमतं. तीस जण असते तर जमलं नसतं.

दर खाली येताना मात्र हीच साखळी उलटी आणि वेगात फिरते. मोठ्या डेअरीचा नवा दर सकाळी केंद्रचालकाच्या मोबाइलवर येतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बाकीच्या दोघींचे फळे पुसलेले असतात.

यात गायीचाही वाटा आहे. कापूस घरात ठेवता येतो, तूर दोन महिने थांबवता येते. दूध सकाळी काढलं की उन्हाळ्यात चार-पाच तासांत ते थंड टाकीत गेलंच पाहिजे. आणि दर पडला म्हणून उद्या गाय कमी दूध देत नाही. ढेप परवडेना म्हणून खुराक कमी केला तर दूध उतरतं, पण मग ती गाय त्या वेतात पुन्हा पहिल्या दुधावर येत नाही. म्हणून थोड्या काळात शेतकऱ्याचा पुरवठा ताठ असतो, आणि पुरवठा जितका ताठ तितका दर दाबता येतो. लांबच्या काळात शेतकरी गाय विकतो, कोठा रिकामा होतो. म्हणूनच डेअऱ्याही दर अगदी तळाला नेत नाहीत. दोन वर्षांनी दूध लागणार असतं हे त्यांनाही ठाऊक असतं.

पावतीवरची कपात

आता काकूंच्या पावतीकडे परत येतो. फळ्यावरचे ३० रुपये ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला आहेत. यापेक्षा दूध कमी उतरलं की दर पॉइंटला, म्हणजे दर ०.१ ला, कपात. काकूंचं फॅट एक पॉइंट कमी, त्याचे ३० पैसे गेले. एसएनएफ तीन पॉइंट कमी, आणि त्यांच्या केंद्रावर एसएनएफच्या पॉइंटला एक रुपया कापतात. तीन रुपये गेले. राहिले २६ रुपये ७० पैसे. बहिणीच्या गावात एसएनएफच्या पॉइंटला पन्नास पैसे कापतात, म्हणून तिथे २८ रुपये २० पैसे.

यातली कोणती कपात रास्त? तेही काढता येतं. एक लिटर दुधाचं वजन साधारण १,०३० ग्रॅम. त्याचा ०.१ टक्का म्हणजे एक ग्रॅमच्या किंचित वर. हिशेबासाठी पावडर किलोला २१० रुपये आणि लोणी ३८० रुपये धरू. एक पॉइंट एसएनएफ कमी म्हणजे पावडर एक ग्रॅमच्या आसपास कमी, किंमत साधारण २२ पैसे. एक पॉइंट फॅट कमी म्हणजे लोण्यातले साधारण ४८ पैसे कमी. काकूंच्या दुधातली खरी तूट तीन पॉइंट एसएनएफचे ६६ पैसे आणि एक पॉइंट फॅटचे ४८ पैसे, म्हणजे एक रुपया चौदा पैसे. मालाच्या किमतीप्रमाणे त्यांना २८ रुपये ८६ पैसे मिळायला हवे होते.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की २२ पैशांच्या मालासाठी रुपया कापला जातो, आणि फॅटवर जिथे ४८ पैशांची तूट आहे तिथे तीसच पैसे कापतात. शेतकऱ्याचं लक्ष फॅटवर असतं, केंद्रावर उभे असलेले सगळे फॅट विचारतात. एसएनएफ कोणी विचारत नाही. दाब तिथे ठेवला आहे जिथे नजर नाही.

डेअरीवाल्यांचं म्हणणं असं की एसएनएफ कमी म्हणजे पाणी घातल्याचा संशय, आणि धाक राहावा म्हणून कपात मोठी. पाणी घातलं जातं हे खरंच आहे. पाणी घातलं तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही सारख्या प्रमाणात उतरतात. फॅट ३.४ आणि एसएनएफ ८.२ हे आकडे थोड्या पाण्यानेही येऊ शकतात, पण खुराक आणि ऋतूमुळेही येतात. संकरित गायी, कुटार आणि कडब्यावरचा हिवाळा, हिरव्या चाऱ्याचा तुटवडा. आमच्याकडच्या गोठ्यांत ८.२ हा आकडा नेहमीचा आहे. आणि धाकच ठेवायचा असेल तर तो बहिणीच्या गावात अर्धा का? तिथल्या गायी जास्त प्रामाणिक आहेत असं तर नाही.

जानेवारी २०२४ मध्ये सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा फॅट आणि एसएनएफ दोन्हींना पॉइंटमागे ३० पैसे कपात धरली होती. त्या हिशेबाने काकूंच्या दुधाला २८ रुपये ८० पैसे पडतात. मालाच्या किमतीवरून काढलेल्या आकड्याच्या फक्त सहा पैसे खाली.

आम्ही बाराही गावांच्या पावत्या जमा केल्या. सात गावांत एकच केंद्र होतं, तीन गावांत दोन, आणि दोन गावांत तीन. फळ्यावरचा दर बाराही गावांत ३०. एका केंद्राच्या सातही गावांत एसएनएफची कपात रुपया. दोन केंद्रांच्या गावांत सत्तर-ऐंशी पैसे. तीन केंद्रांच्या गावांत पन्नास. जिल्ह्याच्या पातळीवर पाहिलं तर तीन डेअऱ्या आहेत, स्पर्धा आहे असं म्हणता येतं. पण शेतकरी जिल्ह्यात दूध घालत नाही. सकाळी सहा वाजता हातात कॅन घेऊन जिथपर्यंत जाता येतं तेवढाच त्याचा बाजार. सहाशेपैकी निम्म्याहून जास्त घरांसाठी तो बाजार एका माणसाचा होता.

चार किलोमीटरचं पेट्रोल

मग काकू बहिणीच्या गावात दूध का नेत नव्हत्या? त्यांच्या मुलाकडे मोटारसायकल होती. रोजचं दूध वीस लिटर, दोन्ही वेळचं मिळून. लिटरला दीड रुपया जास्त, म्हणजे रोजचे तीस रुपये. दोन वेळा जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, गाडी लिटरला पन्नास देते, पेट्रोल शंभराच्या वर. रोजचा खर्च चौतीस रुपये. तीस मिळवायला चौतीस घालवायचे.

हा योगायोग नाही असं माझं मत आहे. एकट्या केंद्राने कपात किती ठेवावी याची वरची मर्यादा तिथेच असते, जिथे शेतकऱ्याला दुसरीकडे जाणं जेमतेम परवडत नाही. दोन रुपयांचा फरक ठेवला असता तर मुलाने गाडी काढली असती. कोणी कागदावर हे गणित मांडलं नसेल. दूध कधी तुटतं, कधी तुटत नाही हे बघत बघत कपात तिथे येऊन स्थिरावते.

शिवाय पाय बांधणाऱ्या गोष्टी आणखी होत्या. दहा दिवसांचं बिल, आणि त्यातलं एक बिल नेहमी मागे ठेवलेलं. केंद्र बदललं की तो चुकारा अडकतो. ढेपेचं पोतं केंद्रावरून उधार. गाय घ्यायला डेअरीच्या ओळखीने मिळालेली उचल, तिचा हप्ता बिलातून परस्पर कापला जातो. उचल घेतलेल्या घरांना तर तीन केंद्रं असून नसल्यासारखी. कायद्याने कोणीही कुठेही दूध घालू शकतं. १९९२ च्या दूध आदेशात डेअऱ्यांना संकलनाची क्षेत्रं वाटून देण्याची सोय होती, तीही २००२ मध्ये काढून टाकली. क्षेत्रं कागदावरून गेली, पण गाडीची फेरी, पेट्रोल आणि मागे राहिलेलं बिल यांनी ती पुन्हा आखली.

सरकारने काय केलं तर फरक पडतो, यावर आमच्याकडे फार वाद होतात. २००२ च्या स्पर्धा कायद्यात खरेदीचा दर संगनमताने ठरवणंही येतं आणि बलाढ्य खरेदीदाराने अन्यायकारक खरेदी दर लादणंही येतं. पण नुसतं एकमेकांचा दर बघून तोच दर ठेवणं म्हणजे करार नव्हे, आणि वर मांडलेलं गणित कराराशिवायच चालतं. त्यामुळे तक्रार करणाऱ्याच्या हातात सिद्ध करायला काही येत नाही.

अनुदानाचं काय होतं ते २०२४ मध्येच दिसलं. जुलैपासून डेअरीने ३० द्यायचे आणि सरकारने ५, असे ३५ ठरले. ऑक्टोबरपासून सरकारचं अनुदान ७ झालं आणि डेअरीने द्यायचा दर २८. शेतकऱ्याचे ३५ ते ३५ राहिले. सरकारने वाढवलेले दोन रुपये डेअरीच्या खरेदी दरातून वजा झाले. पावडरचा बाजार मंद होता, डेअऱ्यांची अडचण खरी होती, हे मान्य करूनही एवढं स्पष्ट आहे की घेणारे मोजके आणि पुरवठा ताठ असला की शेतकऱ्याच्या नावाने दिलेला पैसा कोणाच्या खिशात थांबेल हे योजनेच्या नावावरून ठरत नाही.

किमान दराचं मात्र वेगळं आहे. भरपूर खरेदीदार असलेल्या बाजारात किमान दर बाजारभावाच्या वर बांधला की खरेदी कमी होते. इथे तसं होईलच असं नाही. दर ३२ ला बांधला तर मोठ्या डेअरीचं "जुन्या दुधावरचा बोजा" हे गणितच संपतं, कारण तो बोजा आधीच बसलेला असतो. मग नवं लिटर तिला साडेतेहतीसला नाही, ३२ लाच पडतं. दरही वाढतो आणि दूधही वाढू शकतं. पण ३२ च्या वर गेलात की बाहेरचा टँकर स्वस्त पडतो आणि इथली गाडी येणं बंद होतं. आणि कपातीचे दर बांधले नाहीत तर फळ्यावर ३२ लिहून पावतीवर तेच २६ रुपये ७० पैसे येऊ शकतात.

काकूंच्या गल्लीत पुढे काय झालं ते सांगतो. चार घरांनी दूध एकत्र केलं, रोजचं ऐंशी लिटर. मोठे कॅन गाडीच्या दोन बाजूंना अडकवून एकच मुलगा बहिणीच्या गावात नेऊ लागला. फरक लिटरला दीड रुपयाचाच, पण आता रोजचे १२० रुपये झाले आणि पेट्रोल तेच चौतीस. पाळी लावली, आठवड्याने घर बदलायचं. पाचव्या घराला यायचं होतं, पण त्यांच्यावर उचल होती. ते आले नाहीत.

मागे ठेवलेलं बिल पहिल्या केंद्राने वीस दिवस लांबवलं, मग दिलं. दुसऱ्या बिलाच्या वेळी गावच्या केंद्रचालकाने काकूंना निरोप पाठवला की आपल्याकडेही आता एसएनएफला पन्नासच पैसे कापू, दूध परत आणा. ऐंशी लिटर गेल्यावर त्याच्या गाडीचा हिशेब हलला होता, आणि आणखी घरं जातील ही भीती होती. त्याने कपात सगळ्या गावासाठी कमी केली, उचल असलेल्या घरांसाठीसुद्धा, कारण केंद्रावरच्या यंत्रात एकच दरपत्रक भरलेलं असतं. चार घरांनी चार किलोमीटर नेलेल्या दुधाचा फायदा पन्नास घरांना झाला. फळ्यावर मात्र तेव्हाही ३० च होते. कपात कमी करून घेणं त्यांच्या हातात होतं. फळ्यावरचे दोन रुपये तीन डेअऱ्यांच्या एकमेकींकडे बघण्यात अडकलेले होते, आणि तिथे मोटारसायकल पोहोचत नव्हती.

काकूंनी दूध गावात परत आणलं. पहिले दहा दिवस पावतीवर २८ रुपये २० पैसे आले. अकराव्या दिवशी एसएनएफ ८.१ लागलं. खुराक तोच, गायी त्याच, थंडीही तीच. काकूंनी त्याच सकाळच्या दुधाची एक बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि मुलाला बहिणीच्या गावच्या केंद्रावर पाठवलं. तिथे ८.२ लागलं. एका पॉइंटचा फरक यंत्र वेळेवर न धुतल्यानेही येऊ शकतो, म्हणून मी त्यांना म्हटलं, एका दिवसावरून काही बोलू नका, दहा दिवस बाटली पाठवा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. वहीचं पहिलं पान त्यांनी त्याच संध्याकाळी आखलं.